भामाचे नऊ उशीर

भामा गावंड पनवेलच्या एका खाजगी हॉस्पिटलात धुतलेल्या चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे मोजून वॉर्डावॉर्डात पोचवायची. नोकरी ठेकेदाराकडची. अकरा वर्षं झाली होती. आधी ती आणि तिचा नवरा काशीराम दोघंही मिठागरावर होते. मिठागरं बुजली तसा काशीराम डंपर चालवायला लागला आणि भामा हॉस्पिटलात लागली. मूलबाळ नव्हतं. कामोठ्याच्या जुन्या गावठाणात दोन खोल्या होत्या, शेजारी विधवा नणंद चिंगी राहायची, आणि एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं.

मग काशीरामच्या गालात गाठ आली. तंबाखूची गाठ. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, सहा महिने बरे गेले आणि गाठ पुन्हा वर आली. या खेपेला डॉक्टरांनी चिंगीला बाहेर बसवून भामाला एकटीला आत बोलावलं. त्यांनी नाकातून पोटात नळी घातली आणि घरी न्यायला सांगितलं.

नळीतून पेज द्यायची म्हणजे घाई चालत नाही. माणसाला उशीला टेकवून बसवायचं, मोठ्या सिरिंजमध्ये पातळ पेज ओतायची, ती आपल्या वजनानं हळूहळू उतरू द्यायची, मधे थांबायचं, शेवटी पाणी. वर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. भामा पहाटे पाचला उठून हे सगळं करायची. पण काशीराम दिवसेंदिवस हळू होत गेला. पेज अर्ध्यावर आली की त्याला मळमळायचं. मग भामा सिरिंज खाली धरून त्याच्या पाठीवर हात फिरवत बसायची. घड्याळ समोरच होतं. तिला ते दिसत नव्हतं असं नाही.

नोव्हेंबर असा गेला. काशीरामही त्याच महिन्यात गेला.

तेरावं उरकून भामा कामावर आली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या मोबाईलवर एक फोटो आला. ठेकेदाराच्या ऑफिसातले परेश मोकल हजेरी बघायचे. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याचा स्क्रीनशॉट पाठवला होता. भामाचा नोव्हेंबर, प्रत्येक तारखेपुढे येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि भरलेले तास. खाली लिहिलं होतं: ‘उशीर ११. तास कमी १८ तास ५८ मिनिटं. सोमवारी लेखी खुलासा घेऊन भेटा.’

भामाला अक्षरं वाचता यायची, पण एवढ्या बारीक आकड्यांत तिचे डोळे फिरले. रविवारी दुपारी ती पुतण्याच्या बायकोकडे, चारुताकडे गेली. चारुताचं नव्या वसाहतीच्या सेक्टरमध्ये झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. रविवारी शटर अर्धं खाली असायचं.

“काकी, बसा. मी मोठा करून बघते,” चारुता म्हणाली आणि तिनं फोटो कॉम्प्युटरवर घेतला. मोठा केला तसा तो फुटला. तिनाशी आठ आणि दोनाशी तीन सारखे दिसायला लागले.

“पाच तारखेला तुम्ही आठ बावीसला आलात की आठ बत्तीसला?”

“मला काय ठावं, बाय? मशीनवर बोट ठेवलं नि पळाली.”

“थांबा. गेलात सोळा तेहेतीसला, म्हणजे साडेचारच्या पुढं तीन मिनिटं. पुढं भरलेले तास आठ-अकरा असं स्पष्ट दिसतंय. म्हणजे आठ बावीसच.” चारुतानं कागदावर लिहून घेतलं. “तुमची ड्युटी आठ ते साडेचार ना? साडेआठ तास. आणि सूट?”

“धा मिनिटांची. आठ-दहापर्यंत लेट नाय धरत.”

“मग दोन उशीर इथंच गेले. एकदा आठ-सात, एकदा आठ-नऊ. हे त्यांनी का धरले? मिनिटं कमी भरली ती भरली, पण लेट मार्क बसत नाही. नऊच होतात.” तिनं बोटानं पडद्यावर खाली जात पुन्हा मोजलं. “हो, नऊ. आणि तेरा तारखेला जाण्याची वेळच नाही. आलात सात अठ्ठावन्नला. बाहेर पडतानाचा पंच नाही म्हणून मशीननं तास शून्य धरलेत. अख्खे साडेआठ तास तुमच्या नावावर कमी. त्या दिवशी काय झालेलं?”

“नली निघाली व्हती त्यांची,” भामा म्हणाली. “चिंगीचा फोन आला. ड्युटी सरलेली, पन मशीन बोट घेईना. ब्लीचच्या चादरींनी बोटं सोललेली. दोनदा ठेवलं, तिसऱ्यांदा नाय थांबली.”

“मग तुमच्या सिस्टरांची सही आणा, साडेचारपर्यंत होत्या म्हणून. ते साडेआठ तास निघून जातील.”

चारुता एकेक तारीख वाचत होती आणि प्रत्येक तारखेसरशी भामाला ती सकाळ आठवत होती. दहा तारीख, आठ सदतीस: त्या दिवशी बोलणं बंद झालेल्या काशीरामनं खुणेनं पाटी मागून घेतली आणि तीवर ‘पेज खारट’ असं लिहिलं. नळीतून गेलेल्या पेजेची चव त्याला कुठून कळणार? पण दोघंही हसले होते. त्याला हसताना दुखलं, तरी हसला. सतरा तारीख, आठ बावन्न: त्याची दाढी केली होती, गाठीला धक्का न लावता, एका बाजूची. एकवीस तारीख, नऊ-पाच. त्या दिवशी तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेला आणि तिला खांदा काढून घेववेना.

“ही सगळ्यात जास्त,” चारुता म्हणाली. “एकसष्ट मिनिटं कमी.”

त्या एकवीस तारखेच्याच दुपारी परेश मोकलांचा मेसेज आला होता. पुन्हा उशीर झाला तर दुसरी बाई बघू. भामानं तो चिंगीला वाचून दाखवला होता. पगार गेला तर औषधं कशी आणायची, यावर दोघी शनिवारभर बोलल्या. सोमवारपासून सकाळची पेज चिंगीनं द्यायची, असं ठरलं.

“आणि चोवीसला बघा, काकी, तुम्ही वेळेच्याही आधी! सात छप्पन्न. उगाच म्हणतात रोज उशिरा...” बोलता बोलता चारुताची नजर पुढच्या रकान्यावर गेली. जाण्याची वेळ अकरा वीस. तिच्याच नवऱ्यानं त्या दिवशी भामाला हॉस्पिटलातून स्कूटरवर घरी आणलं होतं. 

दुकानात पंखा फिरत होता. भामा पडद्याकडे बघत राहिली.

“तवा मी निघाली ना,” ती म्हणाली, “तर त्यांनी खाटेवर हात आपटला. बस म्हनून. रोज आपटायचे तसाच. मी म्हटलं, आज नाय, आज चिंगी देल. चपला घातलेल्या, मी बसली पन नाय.”

 चारुतानं उरलेली मिनिटं कॅल्क्युलेटरवर मिळवली, कारण तेवढं तरी करता येण्यासारखं होतं. उशिरांची नऊ दिवसांची आणि सूट असलेल्या दोन दिवसांची मिळून तीनशे बावीस मिनिटं. साठानं भागून पाच तास बावीस मिनिटं. चोवीस तारखेचे पाच तास सहा मिनिटं वेगळे. सगळे मिळून दहा तास अठ्ठावीस. तिनं ते खुलाशात नीट मांडलं, छापलं, आणि पैसे घेतले नाहीत.

सोमवारी ड्युटी सुटल्यावर भामा परेश मोकलांच्या ऑफिसात गेली. वरच्या मजल्यावरची छोटी खोली. परेश तिशीतला, थकलेला माणूस होता. त्याच्याकडे चार हॉस्पिटलांची हजेरी होती. भामाची तेराव्यापर्यंतची रजा ‘घरगुती कारण’ म्हणून त्याच्यापर्यंत आली होती. त्यानं खुलासा वाचला, पडद्यावर ताडून पाहिला.

“बरोबर आहे. सूट सिस्टीममध्ये टाकायची राहिली होती. तेरा तारखेला सिस्टरची सही आहे, ती दुरुस्ती करतो. उशीर नऊ. तीन उशिरांना अर्धा दिवस, तेव्हा दीड दिवस कापला जाईल. तो नियम माझ्या हातात नाही.” मग त्याची नजर पडद्यावर खाली आली. “पण चोवीसला अकराला न सांगता कशा गेलात?”

“सिस्टरला सांगून गेली,” भामा म्हणाली. “मालक वारले.”

परेशनं पेन खाली ठेवलं. त्यानं पडद्याकडे पाहिलं, एकवीस तारखेकडे, आणि बहुधा त्याला आपला मेसेज आठवला. “मला कुणी सांगितलं नाही, ताई,” तो म्हणाला. “मला खरंच माहीत नव्हतं.”

“तुमी तरी काय करनार.”

“एक करतो. चोवीस तारखेची पूर्ण दिवसाची रजा टाकतो. तुमची एक शिल्लक आहे. म्हणजे हे पाच तास निघून जातील.” तो घाईघाईनं माऊस हलवू लागला. “फक्त सकाळचा पंच काढावा लागेल. मग त्या दिवशी तुम्ही कामावर आलाच नव्हता, घरीच होता, असं दिसेल.”

भामानं पदराचं टोक मुठीत धरलं. तिच्या डोळ्यांसमोर ती सकाळ उभी राहिली, जशी पडद्यावर दिसणार होती तशी. चपला दाराशी. ती खाटेच्या कडेला बसलेली. हातात सिरिंज, खाली उतरणारी पेज. अकरा वाजलेले आणि ती तिथेच.

“टाकू?” परेशनं विचारलं.

“नको, सायेब.”

“अहो, पगार कापला जाईल.”

“जाऊ दे. मी आलती त्या दिवशी.” तिनं पदर सोडला. “आलती ते खोटं कशाला करायचं.”

 परेशनं माऊसवरचा हात काढला. भामानं दाखवलेल्या जागी सही केली आणि जिना उतरून खाली आली. खाली रिक्षावाले कामोठे, कळंबोली ओरडत होते. ती तिसऱ्या रिक्षात बसली.

डिसेंबरच्या पगारात कपात झाली. नोकरी राहिली. चिंगीनं काशीरामची खाट उभी करून भिंतीला लावली.

अजून तिला पहाटे पाचलाच जाग येते. चहा होतो, केर होतो, आणि मग घरात करायला काही उरत नाही. साडेसातच्या आत ती हॉस्पिटलात असते. लिनन रूमचं, चादरींच्या खोलीचं, कुलूप पावणेआठला उघडतं, तोवर बाहेरच्या बाकावर बसून राहते. एकदा सिस्टर म्हणाल्या, “भामा, एवढ्या लवकर कशाला येतेस गं? मशीन जास्तीचं काही देत नाही.”

“ठावं हाय,” भामा म्हणाली, आणि सरकून त्यांना बाकावर जागा करून दिली.