जुनं सिमेंट

मटार निम्मे सोलून झाले होते, तेवढ्यात फोन आला. दातमावशींनी ओल्या हाताने तो कानाला लावला, ऐकलं, हसल्या आणि शेंगा तशाच मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

दातांचा दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली, पण लवंगेच्या तेलाचा वास आठवला की ती पायाने वर-खाली करायची खुर्ची डोळ्यांपुढे उभी राहायची. त्याच खुर्चीत मैत्रिणीची लेक सात वर्षांची असताना भोकाड पसरून बसली होती. मावशींनी तिची दाढ भरली होती. तीच पोर पुढे कॉलेजात असताना आईबरोबर आली, गार पाण्याने कळ येते म्हणून.

"लिंबं चोखते, दुसरं काय!" आई म्हणाली.

मावशींनी आरसा आत घातला. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू घासून गुळगुळीत झालेली, कडा काचेसारख्या पातळ. खालचे पुढचे दात मात्र ठीक. देवाने त्यांच्यावर जिभेचंच पांघरूण घातलं होतं. आणि दाढेतलं मावशींनीच भरलेलं सिमेंट, माती वाहून गेल्यावर दगड वर यावा तसं उभं. सिमेंट होतं तिथंच होतं, दातच झिजला होता. नुसत्या लिंबाने पुढची बाहेरची बाजूही गेली असती.

आईसमोर बोलावं, तर पोर पुन्हा फिरकणार नाही, हे मावशींना कळत होतं.

"एक्स-रे काढायचाय. तू बाहेर बस गं," त्या मैत्रिणीला म्हणाल्या.

"मी डोळे मिटते की!"

"डोळे नको, पाय बाहेर."

एक्स-रे काढला, दार लावलं, आणि मावशी खुर्चीशेजारी स्टुलावर बसल्या. "हे आम्ल पोटातून येतंय. कुणाला पित्त असतं, कुणाला सारख्या उलट्या होतात, कुणी स्वतःच मुद्दाम उलटी काढतं. मी सगळे बघितलेत, कुणाला रागावले नाही. तुझं काय, ते आजच सांग असं नाही. फक्त उलटी झाली की लगेच ब्रश नको. दात तेव्हा मऊ असतो."

"पण मी तर लगेच दोनदा घासते!" पोर बोलून गेली आणि तिने ओठ मिटून घेतले.

मावशींनी टॉवेल पुढे केला.

"आईला सांगाल?"

"तू म्हणशील तेव्हाच. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भर, ब्रश तासाभराने. फ्लोराइड मी लावते. दात माझ्याकडे. पण उलटीचं औषध दातांच्या डॉक्टरकडे नसतं, राणी. माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत, ओरडत नाहीत. फोन करू?"

पोरीने टॉवेल घडी करून परत दिला. "तुम्ही याल बरोबर?"

मावशी गेल्या होत्या. पहिल्यांदाच नव्हे, नंतरही कितीदा. मध्ये पुन्हा घसरणंही झालं, पण पोरीचा फोन येत राहिला. आईला तिने स्वतःच सांगितलं, आणि आईने आधी मावशींशीच भांडण काढलं.

आजचा फोन तिचाच. "मावशी, बाळाला पहिला दात आलाय! आणि तुमचं सिमेंट अजून तसंच आहे हं."

मटार झाकून मावशींनी चपला घातल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून तान्ह्या बाळाचा मऊ ब्रश आणायचा होता.