एका पायावर, डोळे मिटून

बोरगाव मेघेतल्या त्या स्लॅबच्या घरात रोज सकाळी एक खेळ लागायचा. रंगमंच म्हणजे फ्रिज आणि देव्हारा यांच्यामधली उघडी भिंत. पडदा नाही, घंटा नाही, आणि नायिका एकच, मनकर्णाबाई. सत्तरीला टेकलेल्या, लुगड्याचा काठ वर खोचलेला, पाय अनवाणी, आणि उजवा घोटा डाव्यापेक्षा अजून जाड.

"तळहात भिंतीला पूर्ण टेकवा, आजी. गुडघा ताठ नको, जरासा सैल. आता डावा पाय उचला. खाली पाहू नका, समोरच्या कॅलेंडरवर नजर ठेवा."

हे सांगणारी दामिनी. फिजिओथेरपिस्ट मुलगी, कारंजाकडची, घरोघरी जाऊन व्यायाम शिकवणारी. पावसाळ्यात आपल्या रोहणा गावच्या घराच्या अंगणात शेवाळावरून मनकर्णाबाई घसरल्या आणि घोटा मोडला, तेव्हा लेकानं त्यांना इथं आणलं. प्लास्टर निघालं, वॉकर सुटला, पायावर पूर्ण भार द्यायला डॉक्टरांनी मोकळीक दिली, तरी पाऊल भोळसटासारखं पडायचं. जमीन कुठं आहे हेच त्या पायाला आठवेना.

"हाड जुळलं आजी, पण पायाची जाण गेली. ती शिकवावी लागते."

मनकर्णाबाईंना शिकायचंच होतं. कारण ज्या दिवशी प्लास्टर कापलं त्या दिवशी त्यांनी लेकाला विचारलं होतं, "धना, आता रोहण्याले कवा सोडतं?"

धनंजयचं शहरात खतांचं दुकान. मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, "पहिले एका पायावर उभी राहून दाखव. मंग पाहू."

"शेवटी तर डोळे मिटूनही उभं राहायचं असतं," त्याच दिवशी पहिल्यांदा आलेली दामिनी सहज बोलून गेली.

"हां, तेच. डोळे मिटून उभी राह्यली का त्याच दिवशी सोडतो." आणि तो हसला.

लेक हसला, पण मायनं वचन पदरात बांधून घेतलं.

रोहण्याचं ते घर काही मोठं नव्हतं. दोन खोल्या, पुढं अंगण, मागं शेवग्याचं झाड. पण त्या घरात मनकर्णाबाई चुलीपाशी बसल्या की घराच्या धनीण असत. इथं त्या कोण होत्या? सुनेच्या भाषेत, फ्रिजसमोरची अडचण.

"सरका ना आई, दूध काढायचं आहे," मोहिनी म्हणायची. आणि मग शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात, "आमच्या घरी बगळा पाळला बाप्पा. एका पायावर उभाच!"

शेजारीण हसायची. मनकर्णाबाई कॅलेंडरवरची नजर हलवत नसत. नजर हलली की तोल गेलाच.

पूर्ण तळहातावरून त्या बोटांच्या टोकांवर आल्या. मग एका बोटावर. एक बोट काय भार पेलणार? पण दामिनी म्हणायची, "ते बोट भार घेतच नाही आजी. ते फक्त शरीराला खबर देतं, की भिंत इथं आहे, तुम्ही सरळ आहात." मग बोटही निघालं, हात भिंतीपासून वीतभर दूर, लागलाच तर धरायला. घोटा असा थरथरायचा, जशी तंबोऱ्याची तार. मनकर्णाबाई घाबरायच्या.

"थरथरू द्या. तो काम करतोय. थरथरणारा पाय पडत नाही, झोपलेला पाय पडतो."

किती वेळ उभं राहायचं, याला घड्याळ नको म्हणाल्या त्या. त्यांनी आपलं माप काढलं. लग्न होऊन रोहण्याच्या उंबऱ्याशी आल्या तेव्हा नणंदेनं दार अडवून नाव घ्यायला लावलं होतं, तोच उखाणा.

"तुरीच्या शेंगेत दाणे चार, रूपरावाचं नाव घेते, उघडा दार."

एक उखाणा, मग दोन, मग तीन. रूपराव जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण जितक्या वेळा या दिवसांत त्यांचं नाव निघालं, तितकं ते हयात असताना निघालं नव्हतं. मोहिनी दारातून ऐकायची आणि नवऱ्याला सांगायची, "भिंतीशी पुटपुटतात हो त्या. नाव घेतात सासऱ्यांचं."

एके सकाळी धनंजय अंगणाच्या फाटकापाशी उभा राहून फोनवर बोलत होता. खिडकी उघडी होती.

"अरे अंकुश, घाई काऊन करून राह्यला बे? बुढीनं डोळे मिटले का मंग रोहण्याचं पाहू. तुलेच देतो ना घर."

शेवटचं वाक्य रस्त्यावरून गेलेल्या ऑटोनं गिळलं. मनकर्णाबाईंच्या कानी आलं ते एवढंच: बुढीनं डोळे मिटले का मंग रोहण्याचं पाहू.

दुसरा कोणी असता तर त्याला त्या शब्दांचा अर्थ एका क्षणात समजला असता. मनकर्णाबाई काही भोळ्या नव्हत्या. गावात कोणाचे डोळे मिटले हे त्यांनीच अनेकदा चार घरी सांगितलेलं. पण महिना-दीड महिना ज्या बाईच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, तिच्यासाठी डोळे मिटण्याला दुसरा अर्थ उरलाच नव्हता. अंकुश म्हणजे रोहण्याचा, घराला घर लागून असलेला शेजारी. लेकानं त्यालाही सांगून ठेवलं! आता मागं फिरणार कसा?

दामिनी आली तेव्हा त्यांनी तिच्या तळहातावर तिळाचा लाडू ठेवला आणि सगळं सांगितलं.

दामिनीचा हात तोंडाशी जाता जाता थांबला.

"काय झालं वं?"

"काही नाही, आजी. गोड आहे लाडू."

"मंग आज मिटू का डोळे?"

"आज नाही." ती एवढी तुटक कधी बोलत नसे.

पुढं बरेच दिवस तिनं चालढकल केली. एका पायावर उभं राहून मान डावी-उजवी फिरवायला लावली, कोपर हलवायला लावलं. शेवटी मनकर्णाबाई रुसल्या तेव्हा तिनं खोलीचा कोपरा निवडला. पाठीमागं दोन भिंती, पुढं खुर्चीची पाठ, आणि ती स्वतः हाताच्या अंतरावर.

"डोळेही आधारच असतात आजी, भिंतीसारखे. ते काढले की फक्त पाऊल आणि कानाच्या आतला तोल उरतो. तरण्याताठ्या माणसालाही जड जातं. तुम्ही एक श्वास राहिलात तरी खूप. तोल गेला की डोळे उघडा, खुर्ची धरा, लाजू नका."

पहिल्यांदा उखाण्यातली शेंग निघायच्या आत खुर्ची धरली. दुसऱ्यांदा दाणे मोजून झाले. किती सकाळी गेल्या कोण जाणे, पण एक दिवस मिटल्या अंधारात मनकर्णाबाई "उघडा दार"पर्यंत पोचल्या. दामिनीनं टाळी वाजवली नाही. तिनं त्यांना मिठी मारली आणि डोळे पुसले. म्हातारीला वाटलं, पोर आनंदानं रडते आहे.

रविवारी अंकुश आला. सोफ्यावर बसला, मोहिनीनं चहा दिला. मनकर्णाबाईंना असा प्रेक्षक कुठं मिळणार? त्या कोपऱ्यात गेल्या, खुर्ची ओढली.

"धना, पाह्य. अंकुश, तू बी पाह्य रे."

"काय तमाशा लावला माय, सोड ना."

त्यांनी डावा पाय उचलला, डोळे मिटले. घोटा थरथरला, सावरला. उखाणा मोठ्यानं म्हटला, दार उघडेपर्यंत. मग पाय हळूच, शिकवल्याप्रमाणे, खाली ठेवला.

"मिटले ना म्या डोळे? तू फोनवर अंकुशले म्हणला ना, बुढीनं डोळे मिटले का रोहण्याचं पाहू? चाल मंग."

अंकुशला आधी कळलं. चहाचा घोट नाकात गेला.

"हे डोळे मिटणं व्हय काकू! अन् मी..." तो खो खो हसला. "धनाभाऊ, मले सांगाचं तं खरं! मी आनखी थांबलो असतो!"

"चूप बे."

"आता चूप काय? मी तं थांबलोच नाई ना. काकू, समोरची भिंत पाडली म्या. ट्रॅक्टर आत जात नोता."

मोहिनीनं पदर तोंडाशी नेला. हसू होतं की लाज, देवाला ठाऊक. मनकर्णाबाईंनी लेकाकडे पाहिलं. तो फ्रिजकडे पाहत होता. मग त्यांना तो दुसरा अर्थ सापडला. इतके दिवस समोर उभा होता तो, कॅलेंडरसारखा.

"कोणती भिंत?" एवढंच त्यांनी विचारलं.

"दाराची."

सोमवारी दुकान उघडायला धनंजय गेला, मोहिनी आंघोळीला शिरली, आणि मनकर्णाबाई पिशवी घेऊन एसटीत बसल्या. रोहण्याच्या फाट्यावर उतरल्या, वाटेवरचे दगड नीट पार केले. दोन्ही पायांना जमीन ओळखू येत होती.

घराला चेहरा नव्हता. जिथं त्यांनी नाव घेतलं होतं, तिथून ट्रॅक्टरचं नाक बाहेर आलेलं. चूल होती त्या जागी डिझेलचा ड्रम.

समोरच्या अनुसयाबाई धावत आल्या. "मनकर्णे! तू कशी आली वं? धना तं म्हणे तू अंथरुणातून उठत नाई. आपलं आपल्याले उमगत नाई म्हणे तुले."

"कोण म्हणते?"

"तोच. म्हणून तं घर देल्लं अंकुशले, म्हणे."

आणखी चार बाया जमल्या. मनकर्णाबाईंना बोलून सांगण्याची घाई झाली, आणि त्याहून जास्त दाखवण्याची. इतके दिवस कमावलेलं तेवढंच तर होतं जवळ.

"मले उठता येत नाई? पाह्यजा," म्हणत त्यांनी अंगणातल्या उंचसखल मातीत उजवा पाय रोवला, डावा उचलला आणि डोळे मिटले. मागं भिंत नाही, पुढं खुर्ची नाही. पाऊल मातीशी बोलत होतं, बोटं वाळू धरत होती, आणि देह सरळ होता. असा तोल त्यांना बोरगावात कधी लाभला नव्हता.

तेवढ्यात गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. मोहिनीनं दुकानात फोन केला असावा.

"पाह्यलं ना मावशी?" धनंजयचा आवाज मधासारखा. "आता तुमीच पाह्यलं. असंच करते दिवसभर. कोपऱ्यात एका पायावर उभी राहते, डोळे मिटून, अन् बाबांचं नाव घेते. मोहिनीले विचारा. मी खोटं बोलून राह्यलो नोतो."

"अगा माय माय," कोणीतरी पुटपुटलं.

"अशी नोती हो पहिले," अनुसयाबाईंच्या आवाजात रडू होतं.

मनकर्णाबाईंना सगळं ऐकू येत होतं. डोळे उघडून ओरडावं तर वेडी, न उघडावं तर वेडी. त्यांनी डोळे उघडले. सगळ्या बायांचे चेहरे ओळखीचे, सगळ्यांवर दया.

"म्या शिकली हे. पोरगी येते शिकवाले..." त्या बोलू लागल्या, आणि ते बोलणं त्यांच्याच कानाला भलतंच वाटलं.

"हो हो, माय. चाल, गाडीत बस."

"सांभाळून न्या हो," अनुसयाबाई म्हणाल्या. "धरा वं तिले, पडन!"

त्यांचा पाय जराही हलत नव्हता. पण चौघी पुढं झाल्या आणि त्यांनी मनकर्णाबाईंना दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं.