बयाणा जप्त का झाला

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कोणी विषय काढला की मला लघवीला लागायची. वयामुळे ते खरंही वाटायचं.

मी चंद्रपुरात एका ठेकेदाराकडे टेंडरची कागदपत्रं पाहायचो. प्रत्येक टेंडरमधून तीन गोष्टी काढून कॉम्प्युटरच्या तक्त्यात भरायच्या: टेंडरसोबत भरायची बयाणा रक्कम किती, परत कधी मिळणार, आणि कशामुळे जप्त होणार. पहिली मी डोळे उघडे ठेवून भरायचो. तिसऱ्या रकान्यात मात्र सरसकट ‘नेहमीचंच’ लिहायचो. टेंडरची जाडी पाहूनच मला झोप यायची.

पोंभुर्ण्याकडच्या एका रस्त्याच्या कामात आमचा दर सगळ्यांत कमी आला. वर्कऑर्डर निघेना आणि तोवर डांबराचे भाव चढले. शेठ म्हणाले, "माघार घेतली तर बयाणा बुडते का गा?"

मी तक्ता पाहिला. दिलेल्या दराला बांधील राहायची मुदत टेंडर उघडल्याच्या तारखेपासून मोजायची होती. "मुदत संपली शेठ. बिनधास्त पत्र द्या."

शेठने पत्र दिलं. बयाणा जप्त झाला.

मुदत संपलीच नव्हती. टेंडर उघडण्याची तारीख शुद्धिपत्रकाने पुढे गेली होती. ते पोर्टलवर वेगळं टाकलं होतं, मी उघडलंच नव्हतं. मुदतीच्या आत माघार म्हणजे बयाणा जप्त, हे ‘नेहमीचंच’मध्येच येत होतं.

शेठ माझ्यावर धावून आले. "काऊन बुडाले माहे पैसे?"

"त्या लिपिकाले काही दिलं नाई ना आपण," मी म्हणालो.

एवढं पुरलं. सरकारी कचेरीतल्या टेंडर शाखेचा तो लिपिक आमच्याकडचा चहासुद्धा घेत नसे, आणि तेच सगळ्यांना जास्त संशयास्पद वाटायचं. शेठने त्याच्यावर लाच मागितल्याची तक्रार केली. साक्षीदार म्हणून सही माझी. शुद्धिपत्रकापेक्षा ती तक्रार मी लक्ष देऊन वाचली होती.

चौकशीत काही निघालं नाही. तरी त्याची बदली झाली भामरागडला. पावसाळ्यात रस्ता तुटला की घरी यायची सोय नाही.

तो रिटायर झाल्यावर ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर भेटला. त्यानेच हाक मारली. मी लपायला खांब शोधत होतो. माझ्या पोटाला पुरेल असा खांब तिथे नव्हता.

त्याने दोन चहा सांगितले. पैसे त्यानेच दिले. मग विचारलं, "भाऊ, एक सांगा. ते शुद्धिपत्रक तुमाले दिसलं नवतं का? मले तवापासून वाटून राह्यलं, मी फोन करून सांगाले पायजे होतं."

म्हणजे इतकी वर्षं चूक तो स्वतःकडे शोधत होता.

मी तोंड उघडलं. ‘माफ करा’ अगदी दातांपर्यंत आलं होतं.

"नाई जी," मी म्हणालो, "नेट स्लो होतं."