अकरावं कलम

माझ्या टेबलावर त्या दिवशी रक्ताचे थेंब पडले, आणि मला आधी राग आला तो टेबल खराब झाल्याचा. मी अशीच आहे. कोर्टासमोरच्या गल्लीत इतकी वर्षं दस्त लिहीत बसल्यावर माणसाचं मन जाड होतं.

समोर उभा होता पंचवटीतला धारवाला. द्राक्षछाटणीच्या कात्र्यांना धार लावून देणारा, दिंडोरी रोडवर छोटंसं दुकान. कपाळाला रुमाल बांधलेला, रुमाल लाल झालेला. हातातला दुकानाचा भाडेकरार त्याने माझ्यासमोर आपटला.

"ताई, यात काय लिवलंय ते मला सांगा. त्या मालकाच्या हातावर पाना मारलाय मी. आता पुन्यांदा मारायच्या आधी समजून घ्यायचंय."

झालं होतं असं. कराराची मुदत महिन्याभरात संपत होती आणि मालकाला दुकान पुतण्याला द्यायचं होतं. यानेही दुसरी जागा बघून ठेवली होती. सकाळी तो धार लावायच्या मशीनचे बोल्ट सोडवायला बसला, तेवढ्यात मालक पुतण्याला घेऊन आला आणि म्हणाला, मशीन इथेच राहणार, करारात लिहिलंय. शब्दाला शब्द लागला. याने पाना घातला मालकाच्या मनगटावर. पुतण्याने शटर ओढायचा लोखंडी गज उचलला आणि याचं कपाळ फोडलं. शेजारच्या दुकानदारांनी धरून वेगळं केलं, नाहीतर कोणीतरी मेलंच असतं. मशीन गेली तर छाटणीच्या हंगामात हा माणूस हातावर हात ठेवून बसणार होता. त्याचं पोट त्याच मशीनवर.

मी पानं उलटली. अकरावं कलम. 'सदर मिळकतीमध्ये लिहून घेणार यांनी कोणतेही कायमस्वरूपी जोडकाम, बांधकाम अथवा फिटिंग केल्यास ते मुदत संपताच विनामोबदला लिहून देणार यांच्या मालकीचे समजण्यात येईल, व त्याबाबत लिहून घेणार यांची कोणतीही तक्रार राहणार नाही.' लिहून देणार म्हणजे मालक, लिहून घेणार म्हणजे हा भाडेकरू.

शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात माझाच शिक्का होता. हे कलम मीच टाइप केलं होतं. खरं तर टाइपही नाही केलं. एका बंगल्याच्या करारातून उचललं होतं, तिथे भिंतीतल्या कपाटांचा आणि स्वयंपाकाच्या ओट्याचा प्रश्न होता. आमच्या धंद्यात जुना मसुदा काढायचा, नावं-पत्ते बदलायचे, छापायचा. कपाटाचं कलम मी डोळे झाकून धारवाल्याच्या दुकानाला लावलं होतं.

त्याचं शिक्क्याकडे लक्ष नव्हतं. मीही बोट दाखवलं नाही.

"शेठला घेऊन या," मी म्हटलं. "पुतण्याला नको. आणि दवाखान्यात जाऊन टाके घाला आधी."

दुसऱ्या दिवशी दोघे आले. मालक सत्तरीचा, मनगटाला क्रेप बँडेज, तोंडात शिव्या. धारवाला कपाळावर टाके घेऊन, पिशवीत गिऱ्हाइकांच्या कात्र्या. खुर्च्या मी मुद्दाम लांब ठेवल्या होत्या. काही उपयोग झाला नाही. मालक म्हणाला, "भिकारडा तो भिकारडाच," आणि याने पिशवीत हात घालून कात्री काढली. उघडी, ताजी धार लावलेली.

माझ्याकडे समासाच्या रेघा मारायची लोखंडी पट्टी आहे. ती मी त्याच्या बोटांवर सणकन मारली. कात्री खाली पडली. त्याच्या बोटांवर लाल पट्टा उमटला. मारताना मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. त्याला मारत होते की स्वतःला, कुणास ठाऊक.

"बसा दोघं! इथे हात उचलला तर पोलिसांना मीच बोलवीन. आता हे कलम मी तुमच्या भाषेत लिहिते. एकेक ओळ वाचणार. ज्याला पटणार नाही त्याने तोंडाने सांगायचं."

मी कोरा कागद घेतला. पहिली ओळ लिहून मोठ्याने वाचली. 'दुकानात फरशी फोडायची असेल, भिंतीला भोक पाडायचं असेल किंवा काही पक्कं बसवायचं असेल, तर दुकानदाराने आधी मालकाची लेखी परवानगी घ्यायची.'

धारवाल्याची मान खाली गेली. "हे मी केलं नाय," तो म्हणाला. "फरशी फोडली, काँक्रीट ओतलं, बोल्ट बसवले. लिहून काय घेतलं नाय."

"बघा!" मालक उसळला.

"तुम्ही कुठे होता तेव्हा?" मी मालकाला विचारलं.

धारवालाच बोलला. "शेठ तिथंच होते. मशीन बसवली त्या दिवशी नारळ यांनीच फोडला. दर दसऱ्याला मशीनला हळदकुंकू लावायला येतात. कडेला झेंडूची माळ असते ना, ती बी यांच्या घरून."

मी मालकाकडे बघत राहिले. म्हातारा बँडेज चाचपत होता. "नारळ फोडला म्हणजे मशीन त्याची झाली का?" तो म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता.

"त्याचीच होती, शेठ. तुम्ही त्याच्याच मशीनची पूजा करत होता. फरशी मात्र तुमची आहे."

मग दुसरी ओळ झाली. 'बोल्टने बसवलेली धारेची मशीन दुकानदाराची आहे. जाताना ती त्याने काढून न्यायची.' तिसरी ओळ धारवाल्याला झोंबणारी होती. 'मशीन काढल्यावर काँक्रीट फोडून काढायचं, खड्डा बुजवायचा, तशीच फरशी बसवून द्यायची. हा खर्च दुकानदाराचा. हे काम पुरं करूनच चावी द्यायची.'

"खड्डा बी मीच बुजवायचा?" तो चिडला.

"फरशी फोडली कोणी?"

त्याने टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बरोबर हाय. लिवा."

या तीन ओळी जुन्या अकराव्या कलमाच्या जागी, एवढाच पुरवणी करार केला. आठवड्याने दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदणीला उभे राहिलो. तिथे साहेब प्रत्येकाला विचारतात, वाचलं का, समजलं का, आणि सगळे माना डोलावतात. मूळ कराराच्या वेळी यानेही डोलावली होती, मी शेजारीच उभी होते.

यावेळी तो म्हणाला, "साहेब, सांगतो ना. मशीन माझी, खड्डा माझा, फरशी शेठची." साहेबांनी वर पाहिलं. मालकाने दुखऱ्या हाताने अंगठ्याचा ठसा दिला.

बाहेर आल्यावर धारवाल्याने मला चहा पाजला. दोन्ही करार त्याच्या हातात होते. जुन्याचं शेवटचं पान उघडं होतं आणि त्याचं बोट नेमकं कोपऱ्यातल्या शिक्क्यावर थांबलं.

"हा शिक्का तुमचाच ना, ताई?"

खोटं बोलता आलं असतं. जीभ वळवळलीही. पण त्याच्या बोटांवरचा माझ्या पट्टीचा वळ अजून गेला नव्हता.

"माझाच. ते कलम मीच लिहिलं. न वाचता. दुसऱ्याच्या बंगल्यातून उचलून."

चहाचा ग्लास त्याच्या हातात तसाच राहिला. त्याने कपाळाला हात लावला. तो आता ग्लास माझ्या तोंडावर फेकणार, असं मला वाटलं, आणि फेकला असता तर मी हलले नसते. रस्त्यापलीकडे मालक मनगट छातीशी धरून रिक्षात चढत होता. धारवाला त्याच्याकडे बघत राहिला.

"मग पाना मी त्यांना कशापायी मारला?" तो म्हणाला.

त्याने चहाचे पैसे दिले आणि रस्ता ओलांडून रिक्षाकडे धावला.