दुसरी प्रत

विनोदिनी पागे संशयी होती, आणि मी ते चांगल्या अर्थाने म्हणत नाही. दूधवाल्याच्या मापावर संशय, शेजारणीच्या चौकशीवर संशय, कुणी बरी साडी नेसलीस म्हटलं तर त्यावरही संशय. पण एवढं बोलून मी थांबले तर तिच्यावर अन्याय होईल. हा संशय तिने घरातूनच आणला होता, आणि त्याला कारणही होतं.

तिचे वडील भय्यासाहेब. शिंद्यांच्या पदरी चार पिढ्या लेखणी चालवलेलं घराणं, त्यामुळे घरात मोडी कागदांच्या दोन पेट्या होत्या. भय्यासाहेबांनी वीस वर्षं खपून ते कागद वाचले आणि बाळबोधीत उतरवले. मग एक विद्वान गृहस्थ आले, चार वेळा चहा प्यायले, गोड बोलून वह्या घेऊन गेले. वर्षाने त्यांचं पुस्तक निघालं. त्यात भय्यासाहेबांचं अक्षर न् अक्षर होतं, फक्त नाव कुठे नव्हतं. वह्या परत आल्या, पण भय्यासाहेबांनी पुन्हा पेटी उघडली नाही. चार वर्षांनी ते गेले. पोरीने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तिला दोष कसा द्यायचा?

गोष्ट सत्तावन्न सालची. मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश आला होता, कारभार भोपाळला गेला होता, आणि तिथून रोज बदल्यांच्या याद्या सुटत होत्या. विनोदिनी सरकारी कन्याशाळेत शिकवत होती. तिचं नाव झाबुआच्या यादीत येणार अशी कुणकुण होती. आई दम्याने बेजार, तिला घेऊन झाबुआला जायचं की तिला एकटीला उज्जैनला ठेवायचं? सुटकेची वाट एकच होती. इथल्या मुलींच्या कॉलेजात पुढच्या जुलैत इतिहासाची जागा निघणार होती, त्याला एम. ए. हवं होतं. पहिलं वर्ष तिने शाळा सांभाळून पार पाडलं होतं. आता दुसऱ्या वर्षी दोन पेपरांऐवजी प्रबंध घेतला. विषय घरच्या पेटीतलाच, शिंदेशाहीतल्या जासुदांची, म्हणजे कागद पोचवणाऱ्या हरकाऱ्यांची व्यवस्था.

मार्गदर्शक मिळाले मोघे सर. फ्रीगंजमध्ये राहणारे, एकटे, कमी बोलणारे, आणि वेळेच्या बाबतीत टावर चौकातल्या घड्याळापेक्षा कडक. पहिल्याच भेटीत त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं आणि शेवटापासून मोजायला लागले.

"प्रबंध द्यायचा एकतीस मार्चला. बांधणीला आठवडा धरा. टायपिंगला तीन आठवडे, कारण टायपिस्ट दोन म्हणतो आणि तीन लावतो. मला पूर्ण मसुदा वाचायला पंधरा दिवस. म्हणजे तुमचं लिखाण फेब्रुवारीच्या दहा-बारा तारखेला संपलेलं असलं पाहिजे, विनोदिनीबाई. तर आजपासून दीड महिन्याला एक प्रकरण."

मग नियम सांगितले. दर बुधवारी पाच वाजता विभागाच्या खोलीत भेट. लिखाण सोमवारीच पोचतं करायचं, बुधवारी हातात कागद घेऊन यायचं नाही. पानाच्या एकाच बाजूला लिहायचं, रुंद समास सोडायचा. तथ्याची चूक लाल पेन्सिलीने दाखवतील, भाषेची निळ्या. आणि मागच्या आठवड्यात सुचवलेलं काय केलं, काय नाही केलं आणि का नाही केलं, हे भेटीच्या सुरुवातीला तिनेच सांगायचं.

इथवर सगळं ठीक होतं. मग सर म्हणाले, "आणि प्रत्येक प्रकरण कार्बन घालून लिहा. एक प्रत तुमची, दुसरी माझ्याकडे राहील."

झालं! विनोदिनीच्या मनात पाल चुकचुकली. दुसरी प्रत कशाला? वाचायला एक पुरते की! वर सरांनी एक लांब वही काढली. तारीख, काय मिळालं, काय ठरलं, आणि प्रत्येक ओळीखाली तिची सही. त्याखेरीज मूळ कागद दाखवा, तो कुठल्या पेटीतला, कुणी वाचला, हे प्रश्न दर बुधवारी. बाई सही करायची आणि घरी येऊन आईला म्हणायची, "दाल में कुछ काला है. हे बघ, पुन्हा तोच प्रकार सुरू झालाय."

"अगं, मास्तर आहेत ते, विचारणारच," आई म्हणायची.

"वह्या घेऊन गेले तेही मास्तरच होते," विनोदिनी म्हणायची.

सप्टेंबरात तिची मैत्रीण प्रतिभा भेटली. कॉलेजच्या वाचनालयात काम करायची, त्यामुळे तिला सगळ्यांच्या खबरा. "तुझे सर दिवाळीत इंदूरला इतिहास परिषदेत निबंध वाचणार आहेत. विषय माहीत आहे? मराठ्यांची टपालव्यवस्था."

त्या दिवशी विनोदिनी रामघाटावर तासभर बसून राहिली, आणि तिथेच तिला ती युक्ती सुचली. आता काय सांगू तुम्हाला! इतकी हुशार मुलगी, पण संशयाने डोकं फिरलं की हुशारीही वाकड्या कामाला लागते. तिने चोर पकडायचा सापळा लावला. दुसऱ्या प्रकरणात एक पत्र घुसवलं, जे कधी कुणी लिहिलंच नव्हतं. हैबती नावाच्या जासुदाने पुराच्या दिवसांत क्षिप्रा पोहून पार केली आणि भिजलेल्या थैलीबद्दल माफी मागितली, असं ते पत्र. खाली टीप दिली, ग्वाल्हेर दप्तर, अमुक रुमाल, म्हणजे कागदांचं अमुक गाठोडं. उद्या सरांच्या निबंधात हा हैबती दिसला की चोरी उघडी! असा कागद जगात कुठेच नाही, म्हणजे तो तिच्याच प्रकरणातून उचलला, हे ती मग कुठेही सिद्ध करू शकली असती. प्रबंध द्यायच्या आधी ते पान काढून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं.

अठरा सप्टेंबरच्या बुधवारी सरांनी त्या पानावर लाल पेन्सिलीने विचारलं होतं, "मूळ?"

"ग्वाल्हेरला आहे, सर. माझ्या वडिलांनी तिथे जाऊन उतरवून घेतलं होतं." एवढं बोलताना तिचा आवाजही कापला नाही.

सरांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "भय्यासाहेबांनी? मग ठीक आहे," म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहिलं. तिने नेहमीप्रमाणे खाली सही केली. ओळ वाचली नाही. सापळा बसला या आनंदात होती ना!

दिवाळी गेली. बुधवार होत राहिले. सर शांतपणे तिची वाक्यं निळी करत होते, ती डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडे बघत होती. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, प्रबंध सुधारत होता. तिसरं प्रकरण त्यांनी दोनदा परत केलं, तेव्हा ती चडफडली, पण तिसऱ्यांदा लिहिलेलं तिचं तिलाच आवडलं.

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला प्रतिभा परिषदेची छापील पुस्तिका घेऊन घरी आली. विनोदिनीने उभ्याउभ्याच पानं उलटली. सहाव्या पानावर हैबती होता. क्षिप्रा पोहत होता, थैली भिजली होती.

"सापडला!" ती ओरडली. "बघ प्रतिभा, सापडला चोर!"

"पुढचं वाच की," प्रतिभा म्हणाली.

पुढे लिहिलं होतं: "हे पत्र कै. भय्यासाहेब पागे यांनी उतरवून घेतले असून त्यांच्या कन्या विनोदिनी पागे यांनी ते प्रथमच उजेडात आणले आहे. या विषयावरील त्यांचा प्रबंध पूर्ण होत आहे. प्रस्तुत निबंधातील जासुदांविषयीचा भाग त्यांच्याच कामावर आधारलेला आहे." भय्यासाहेबांचं नाव छापून आलेलं विनोदिनीने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आणि ते आलं होतं तिनेच रचलेल्या खोट्याच्या पुढे.

दुसऱ्या दिवशी बुधवारच होता. पाच वाजता ती खोलीत शिरली तर सर कधी नव्हे ते हसत होते. त्यांनी एक पोस्टकार्ड पुढे केलं. "नागपूरच्या एका अभ्यासकांचं आलंय. त्यांना हैबतीच्या पत्राची नक्कल हवी आहे. आणि मी ऐकतो की तुमच्या प्रबंधाला परीक्षक म्हणून बहुधा तेच येतील. भय्यासाहेबांच्या हातची ती वही आणा, आपण पाठवू."

वही हरवली, एवढं म्हणणं सोपं होतं. आगीत गेली, वाळवीने खाल्ली, कुणीही मान्य केलं असतं. पहिला वर्ग, कॉलेजातली जागा, आई, सगळं वाचलं असतं. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, मला विचारू नका.

"सर, तसं पत्र नाहीच," विनोदिनी म्हणाली. "मी रचलं. तुम्ही माझं काम चोराल असं मला वाटलं. पकडायला म्हणून घातलं."

सरांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कपाटातून तिच्या प्रकरणांच्या दुसऱ्या प्रती काढल्या. प्रत्येकीवर मिळाल्याची तारीख, कॉलेजचा शिक्का आणि त्यांची सही होती.

"भय्यासाहेबांचं काय झालं ते आमच्या विषयात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या वह्यांवर तारीख नव्हती," ते म्हणाले. "म्हणून त्यांना काही सिद्ध करता आलं नाही. तेव्हापासून मी हे करतो. उद्या कुणी तुमचं काम उचललं, मी उचललं तरीही, हे कागद तुमच्या बाजूने बोलले असते."

मग त्यांनी ती लांब वही उघडून तिच्याकडे फिरवली. शेवटच्या रकान्यात प्रत्येक बुधवारपुढे एकच शेरा होता, "मूळ पाहिले." फक्त अठरा सप्टेंबरपुढे लिहिलं होतं, "मूळ पाहिले नाही. विद्यार्थिनीच्या शब्दावर." आणि खाली तिची सही.

विनोदिनी तिथेच रडली, अगदी हुंदके देऊन. "दुरुस्तीचं पत्र मी लिहिते, सर. माझ्या नावाने."

"न पाहता छापलं मी. दुरुस्ती मीच करणार," सर म्हणाले. "तुम्ही ते पान काढा, त्यावर उभा असलेला प्रत्येक परिच्छेद काढा. सोमवारी द्या. सहा आठवडे राहिलेत, टायपिस्टची वेळ बदलायची नाही."

त्यांनी दुरुस्ती पाठवली. त्यात एवढंच होतं की मूळ न पाहता दिलेला तो आधार लेखक मागे घेत आहे, चूक लेखकाची. तिचं नाव नव्हतं. त्या वर्षी विभागाचं प्रमुखपद सरांकडे येईल असं सगळे धरून चालले होते. ते दुसऱ्याकडे गेलं. कारण कुणी सांगितलं नाही. विनोदिनीने ते कधी विचारलंही नाही, कारण तिला ते माहीत होतं.

प्रबंध एकतीस मार्चला गेला. पहिला वर्ग मिळाला, जागा मिळाली, झाबुआ टळलं. पण राहिलेल्या सगळ्या बुधवारी सरांनी तिचा प्रत्येक कागद उजेडाकडे धरून पाहिला, आणि एकदाही "ठीक आहे" म्हटलं नाही.

पुढे तीस वर्षं विनोदिनीबाईंनी कॉलेजात शिकवलं. त्यांच्या हाताखाली प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येक मुलीला दोन प्रती द्याव्या लागत, आणि प्रत्येक मुलगी बाहेर कुजबुजायची, बाई दुसरी प्रत कशाला ठेवतात हो? एकदा कल्पना नावाच्या एका धीट मुलीने तोंडावरच विचारलं. बाईंना राग आला नाही. सर गेल्यावर त्यांच्याकडे आलेली ती लांब वही त्यांनी खणातून काढली, अठरा सप्टेंबरची ओळ तिच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "वाच. आणि खालची सही कुणाची आहे तेही वाच."