शनिवारच्या बसचे चार प्रवासी

माणसं मोजायचं ते काम माझ्याकडे आलं, कारण मला नाही म्हणता येत नाही. इथे परदेशात, जुरोंग आयलंड नावाच्या बेटावरच्या आमच्या केमिकल कंपनीत मी डेटाबेस सांभाळतो. बसगाड्यांचं सगळं बघणारी मॅनेजर, एक चटपटीत चिनी बाई, माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सॅटर्डेच्या दोन बस आहेत, एक नोव्हेनाहून, एक यिशुनहून. एकीत फार कमी माणसं असतील तर ती बंद करायची आहे. कुठल्या बसने किती लोक येतात ते दे. सिंपल वन, लाह." बोलण्याच्या शेवटी असा 'लाह' नाहीतर 'आ' जोडायची इथली पद्धत आहे.

खरंच सोपं होतं. सकाळी बसमध्ये चढताना प्रत्येक जण आपला पास यंत्रावर टेकवतो आणि डेटाबेसमध्ये एक ओळ पडते: तारीख, मार्ग, पास नंबर. तीन महिन्यांच्या तेरा शनिवारांच्या ओळी घ्यायच्या, मार्गवार गट पाडायचे, प्रत्येक गटात काउंट लावायचा. चहा निवायच्या आत उत्तर आलं. नोव्हेना त्रेपन्न, यिशुन एकोणपन्नास. वर 'प्रवासी' असं शीर्षक टाकलं आणि स्वतःवर खूश झालो. एकोणपन्नास माणसांची बस कोण बंद करणार?

मी यिशुनला राहतो. बायको आणि मुलगी दोन वर्षांपूर्वी पुण्याला परत गेल्या. मुलीला इथली शाळा झेपेना. मग मी फ्लॅट सोडला आणि एक खोली भाड्याने घेतली. घरमालक सज्जन आहेत, म्हणजे ते बोलत नाहीत.

मेल पाठवायच्या आधी मला खोड आहे, आकडा एकदा उलटा तपासून बघायची. तेरा शनिवारांत एकोणपन्नास, म्हणजे बसमध्ये दर वेळी जेमतेम चार जण. मग ही एकोणपन्नास माणसं कुठून आली? काउंट ओळी मोजतो, माणसं नाही. तोच पास तेरा वेळा टेकवला तर तो तेरा मोजतो. वीस वर्षं हे काम करतोय आणि नवख्या पोरासारखी चूक केली होती. काउंटच्या जागी काउंट डिस्टिंक्ट घातलं, पास नंबरावर, म्हणजे एक नंबर गटात कितीही वेळा आला तरी एकदाच धरायचा. नोव्हेना सदतीस. यिशुन चार.

चार! मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. मग ते चार नंबर बाहेर काढले. तीन नंबर बारा-बारा वेळा होते. चौथा तेरा वेळा, एकही खाडा नाही. तो नंबर मला पाठ आहे, कारण इथे प्रत्येक फॉर्मवर तो लिहावा लागतो. तो माझा होता.

मला शनिवारी सुट्टी असते. तरी मी ती बस धरायचो. बसमध्ये प्रयोगशाळेतली एक मलाय बाई असायची. निवृत्तीला आलेली, गुडघ्याने अधू. ती चढताना मला "मॉर्निंग" म्हणायची, मी "मॉर्निंग" म्हणायचो. तिच्यासोबत ड्युटीवरचे दोन ऑपरेटर असायचे, ते झोपून जायचे. कारखान्यात पोहोचलो की मी कँटीनमध्ये नाश्ता करायचो, रिकाम्या ऑफिसात बसायचो आणि दुपारच्या बसने परत यायचो. शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत कुणी माझ्याशी समोरासमोर बोललेला तो एवढाच एक शब्द. त्याच्यासाठी मी पहाटे दाढी करायचो. लिहितानाही लाज वाटते, पण आहे ते आहे.

आता माझ्यासमोर दोन आकडे होते आणि खोटा एकही नव्हता. एकोणपन्नास पाठवला असता तर बस वाचली असती, माझीही आणि त्या बाईचीही. फक्त शीर्षकात 'प्रवासी'ऐवजी 'प्रवास' लिहायचं. कुणी विचारलं नसतं. चार पाठवला तर मॅनेजरने त्याच दिवशी यिशुनवर काट मारली असती, आणि ती बाई शनिवारी पहाटे दोनदा ट्रेन बदलून, पुढे बेटाच्या गेटवरून आतली बस धरून, तो गुडघा घेऊन आली असती. मी तिच्या गुडघ्याची काळजी करत होतो की माझ्या "मॉर्निंग"ची, हे मलाच सांगता येईना. स्वतःचा फायदा असला की माणसाला दुसऱ्याचा फार कळवळा येतो.

शेवटी दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि मॅनेजरच्या खोलीत गेलो.

तिने कागद बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "दोन कॉलम? विच वन इज करेक्ट?"

"दोन्ही. पहिल्यात फेऱ्यांची बेरीज आहे, दुसऱ्यात वेगवेगळी माणसं. किती सीट भरतात ते हवं असेल तर पहिला. किती लोकांनी कधी ना कधी बस वापरली ते हवं असेल तर दुसरा."

"मग सोपं आहे. थर्टी सेव्हन आणि फोर. यिशुन बंद."

"ते सदतीस जण एकदा-दोनदा आलेत," मी म्हणालो. "तीनदापेक्षा जास्त कुणीच नाही. इकडचे चार जवळजवळ दर शनिवारी येतात. तुम्हाला ठरवायचंय काय, ते सांगा. त्यावरून काय मोजायचं ते ठरेल."

ती खुर्चीत मागे रेलली. चटपटीत बाई, पण विचार करायला घाबरत नाही. "शनिवारी ड्युटी लावलीय म्हणून ज्यांना यावंच लागतं," ती म्हणाली, "असे लोक कुठल्या बसमध्ये किती आहेत? ते मोज. कामाला बोलवायचं आणि बस द्यायची नाही, असं मला करायचं नाही."

इतका सरळ प्रश्न मला सुचला नव्हता. मी जागेवर आलो, बसच्या ओळी ड्युटीच्या यादीशी पास नंबर आणि तारखेने जोडल्या, आणि ज्यांचं त्या दिवशी यादीत नाव होतं तेवढीच माणसं एकेकदा मोजली. नोव्हेना शून्य, ते सगळे राहिलेलं काम उरकायला आपण होऊन आलेले. यिशुन तीन.

परत गेलो. तिने आकडा वाचला. "तीन? चार होते ना? चौथा कोण?"

हा प्रश्न येणार हे मला जिना चढतानाच कळलं होतं. "मी," म्हणालो.

"यू? तुला शनिवारी ड्युटी नाही. मग कशाला येतोस?"

काही तरी सांगता आलं असतं. सर्व्हर, बॅकअप, काहीही. पण इतका वेळ खरं मोजून मी दमलो होतो. "घरी कुणी नाही," मी म्हणालो.

माझ्याकडे न बघता तिने कागदाची घडी घातली. हळू आवाजात म्हणाली, "ओके. थँक यू, आ." त्यातला 'आ' तिने फार मऊ काढला.

पुढच्या महिन्यात नोव्हेनाची शनिवारची बस बंद झाली. यिशुनच्या मोठ्या बसऐवजी लहान व्हॅन आली, ड्युटीच्या यादीतल्या लोकांपुरती. ड्रायव्हरकडे छापलेली नावं असतात, तीन. यादी डेटाबेसला मीच लिहून दिलेल्या प्रश्नातून, क्वेरीतून, निघते, दर शुक्रवारी, आणि ती बरोबर असते.

व्हॅनच्या पहिल्या शनिवारी मी सवयीने उठलो आणि दाढीही केली. मग पलंगावर बसून राहिलो. घरमालकांची भांडी वाजली, दार लागलं, ते बाहेर गेले. दहाच्या सुमारास मी पुण्याला फोन लावला. एरवी आम्ही रविवारी बोलतो.

"अरे, आज कसा काय?" बायको म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. "आज शनिवार ना? तुझी ड्युटी असते."

दोन वर्षं मी तिला हेच सांगत आलो होतो. तिला काळजी नको म्हणून, असं मी स्वतःला समजावत होतो.

"नसते," मी म्हणालो. "कधीच नव्हती."

तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा.

"बोल," ती म्हणाली.