काळ्या साडीवरचा साखरेचा पोपट

मंडळी, आज माझी सासरची पहिली संक्रांत झाली.

बेंगळुरूच्या या माझ्या कानडी सासरी सणाला काळं नेसत नाहीत. म्हणून आईनं पुण्याहून पाठवलेली काळी चंद्रकळा मी कपाटात ठेवली होती.

संध्याकाळी सासूबाईंनी तीच साडी माझ्यापुढे धरली. सोबत ताटात हलव्याचे दागिने! माझ्या आईला फोनवर विचारून त्यांनी आणि वन्संनी घरीच ओवलेले. हाराला पदक म्हणून इथे संक्रांतीला साच्यात पाडतात तो साखरेचा पोपट.

"हलवा काळ्यावरच उठून दिसतो म्हणे. स्वल्प काळं चालतंय गं," सासूबाई मराठीत कानडी मिसळत म्हणाल्या.

हळदीकुंकू केव्हाच आटोपलं, तरी मी दागिने घालूनच बसलेय. गळ्यापाशी साखर हळूहळू विरघळतेय.

सासूबाई, वन्सं, थँक्यू.

आणि मंडळी, सांगा ना, हा पोपट खायचा की मुंग्यांपासून जन्मभर जपायचा?